गुरूला मध्यावर मारलंत, पुढे काय? हस्तलिखित पाठवण्याआधी वाचावं असं काही

आमच्याकडे संपादनासाठी येणाऱ्या कादंबऱ्या आणि पटकथांबरोबर एक तक्रार हमखास येते: गुरूच्या मृत्यूचं प्रकरण छान जमलंय, पण त्यानंतर गोष्ट पडते.

नायकापेक्षा जास्त जाणणारा माणूस शेवटपर्यंत सोबत राहिला, तर प्रत्येक संकटात वाचक त्याच्याच तोंडाकडे बघत राहतो. नायकाला स्वतः ठरवायची वेळच येत नाही. म्हणून गुरूला बाजूला व्हावं लागतं.

१९७७च्या 'स्टार वॉर्स'चं उदाहरण घ्या. मूळ संहितेत गुरू ओबी-वान केनोबी मरत नव्हता. शत्रूच्या तळावरून सुटका झाल्यानंतर त्याला करायला काही उरत नव्हतं, आणि सगळेच सुखरूप निसटले तर त्या तळाची भीती तरी कुणाला वाटणार? म्हणून जॉर्ज लुकास यांनी त्याला मध्येच मारलं. पण त्या मृत्यूला वजन येतं ते त्याआधीच्या एका छोट्या प्रसंगामुळे. यानात तो नायक ल्यूकचे डोळे शिरस्त्राणाने झाकतो आणि हवेत तरंगणाऱ्या गोळ्याचे मारे न बघता अडवायला लावतो. ल्यूकला ते जेमतेम जमतं. धडा अर्धाच राहतो. शेवटच्या हल्ल्यात त्याला गुरूचा आवाज ऐकू येतो खरा, पण तो आवाज नवं काही सांगत नाही, जुन्याच धड्याची आठवण देतो. नेम धरायचं यंत्र बंद करतो ते ल्यूक.

आमच्याकडच्या बहुतेक हस्तलिखितांत नेमकं उलट घडतं. गुरू जातो आणि दोन प्रकरणांत त्याची वही सापडते, नाहीतर गावाकडचे कुणी जाणते काका येतात. पुढच्या पेचाचं उत्तर तिथे तयारच असतं. रिकामी झालेली जागा लेखकानेच भरून टाकलेली असते, त्यामुळे नायक आहे तिथेच राहतो. मग लेखक मृत्यूचा प्रसंग पुन्हा पुन्हा लिहीत बसतात, आणि सगळा वेळ तिथेच जातो. दोष त्या प्रसंगात क्वचितच असतो.

तुम्हालाही हे तपासता येईल. मृत्यूचं प्रकरण काढून पुढचं वाचा. नायक तेच निर्णय त्याच क्रमाने घेत असेल, तर त्या मृत्यूने रडवण्यापलीकडे काही केलेलं नाही. वही किंवा पत्र ठेवायचंच असेल तर त्यात प्रश्न असू द्या, उत्तर नको.

म्हणूनच आम्ही पूर्ण हस्तलिखिताआधी दोनच प्रसंग मागतो: गुरू शिकवतो तो, आणि नायक शेवटचा निर्णय घेतो तो. काहींना हा उशीर वाटतो. पण या दोहोंत धागा नसेल, तर तीनशे पानांची भाषा सुधारून तो येत नाही, आणि त्या कामाचे पैसे घेणं आम्हाला पटत नाही. दोन्ही प्रसंग वाचून आम्ही लेखी टिपण देतो. पुढे संपूर्ण संपादन आमच्याकडे दिलंत, तर या वाचनाचं शुल्क त्यातून वजा होतं.