दोन कॉलमच्या रेझ्युमेची खिचडी नेमकी कुठे होते?

बडोद्यात कलाभवनातून मेकॅनिकल करून मकरपुऱ्यातल्या कारखान्यांत अर्ज करणाऱ्या मुलांचे रेझ्युमे हल्ली दिसायला मोठे देखणे असतात. डावीकडे निळी पट्टी, तीत गोल फोटो, फोन नंबर आणि प्रत्येक कौशल्यापुढे पाच ठिपके, उजवीकडे अनुभव. हाच रेझ्युमे नोकरीच्या पोर्टलवर चढवला, की 'अनुभव'च्या रकान्यात भाषांची नावं येऊन बसतात. पोर्टल बिघडलंय असा समज होतो. पण मूळ भानगड बहुतेक वेळा पीडीएफच्या रचनेत असते.

आपण पानावर कॉलम बघतो, पण साध्या पीडीएफमध्ये कॉलम नावाची वस्तूच नसते. परिच्छेदही नसतो. असतात फक्त सूचना: अमुक ठिकाणी जा, तमुक अक्षरं काढ. ए-४ पान साधारण ५९५ पॉइंट रुंद आणि ८४२ पॉइंट उंच (७२ पॉइंट म्हणजे एक इंच), आणि मोजणी डाव्या खालच्या कोपऱ्यापासून होते. म्हणजे आत साधारण असं काहीतरी लिहिलेलं असतं:

```
BT /F1 10 Tf 40 640 Td (Gujarati) Tj ET
BT /F1 10 Tf 220 640 Td (Maintenance Engineer) Tj ET
```

४० आणि २२० हे डावीकडून अंतर, ६४० ही उंची. दोन्हींची उंची सारखीच आहे, हे लक्षात घ्या. मजकूर उपसणाऱ्या प्रोग्रामला आता वाचनाचा क्रम स्वतःच ठरवायचा असतो. सारख्या उंचीवरची अक्षरं म्हणजे एक ओळ, असं त्याने धरलं तर हातात हे येतं:

```
Gujarati Maintenance Engineer
AutoCAD Jun 2021 - Mar 2024
SAP PM Centrifugal pump overhaul
```

झाला आपला माणूस 'गुजराती मेंटेनन्स इंजिनीअर'! काही प्रोग्राम मधली उभी मोकळी पट्टी शोधून कॉलम ओळखतात. पण ती पट्टी अरुंद असली, किंवा नावाचं मोठं शीर्षक तिला आडवं छेदून गेलं, की त्यांचाही अंदाज चुकतो. काही प्रोग्राम सूचना ज्या क्रमाने लिहिल्या त्याच क्रमाने वाचतात. डिझाइन करताना फोन नंबरचा डबा सगळ्यात शेवटी टाकला असेल, तर तो मजकुरातही शेवटी निघतो. टॅग केलेल्या पीडीएफमध्ये वाचनक्रम नोंदवता येतो, पण तो सगळेच प्रोग्राम पाळतात असं नाही. ठिपक्यांचं तर विचारूच नका. ते नुसते रंगवलेले गोल असतात, त्यांतून मजकूर म्हणून काहीच निघत नाही. आणि 'ऑटोकॅडला पाचपैकी चार' याचा अर्थ वाचणाऱ्या माणसाला तरी कुठे कळतो?

तुमच्या फाइलमध्ये काय घडतंय ते मिनिटभरात कळतं. पीडीएफ उघडा, Ctrl+A, Ctrl+C, आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. काहीच आलं नाही तर अख्खं पान चित्र म्हणून सेव्ह झालंय. `S K I L L S` असं सुटं सुटं आलं तर शीर्षकात अक्षरांमधलं अंतर ताणलेलं आहे, आणि शोधात तो शब्द सापडणार नाही.

आता दुरुस्ती. जुन्या टेम्पलेटमधले डबे सरकवत बसू नका; नोटपॅडमधला तोच मजकूर वर्डच्या कोऱ्या फाइलमध्ये न्या, म्हणजे जुनी सजावट मागेच राहते. चारही बाजूंना २ सेंटिमीटर समास, अक्षर ११ पॉइंट. वर नाव, त्याखालच्या ओळीत फोन, ईमेल आणि शहर. हे वर्डच्या हेडरमध्ये टाकू नका, काही प्रोग्राम हेडर वाचतच नाहीत. मग अनुभव, शिक्षण, कौशल्यं. पद आणि कंपनी डावीकडे, तारीख त्याच ओळीत उजव्या टॅबने. स्पेसबार दाबून ढकललेली तारीख फाँट बदलला की हलते. ठिपक्यांच्या जागी काम लिहा: 'ऑटोकॅड: पंपाच्या सुट्या भागांची टूडी ड्रॉइंग'. ओळ आता १७ सेंटिमीटर रुंद झाली आहे आणि इतक्या लांब ओळींचा गठ्ठा नजरेला जड जातो, म्हणून एक मुद्दा दोन ओळींच्या पुढे नेऊ नका. शेवटी Save As मधून पीडीएफ करा आणि नोटपॅडची परीक्षा पुन्हा घ्या.

'एटीएस स्कोअर ९८ टक्के' अशी हमी विकणाऱ्यांचं मात्र ऐकू नका. एटीएस म्हणजे कंपन्यांचं अर्ज चाळणारं सॉफ्टवेअर. ते प्रत्येक कंपनीचं वेगळं, त्यामुळे सगळीकडे चालणारा असा एक स्कोअर नाहीच. पांढऱ्या अक्षरांत जाहिरातीतले शब्द लपवायची युक्तीही फोल आहे, कारण उपसलेल्या मजकुराला रंग नसतो आणि तिथे ते सगळे शब्द उघडे पडतात.

मजकूर दुसऱ्या पानावर चार-सहा ओळी सांडला, तर अक्षर ९ पॉइंटवर आणू नका. आधी वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती आणि तळाचं ते 'वरील माहिती खरी आहे' असं प्रतिज्ञापत्र काढा. बहुधा तेवढ्यातच जागा होते.