‘सॉरी’ एक, अर्थ दोन: पाहुण्यांना मराठीत काय लिहावं

होमस्टेवाले बरेचदा बुकिंग अ‍ॅपवरचे तयार इंग्रजी निरोप जसेच्या तसे मराठीत उतरवून पाठवतात. व्याकरण चुकत नाही, तरी वाचताना बँकेची नोटीस आल्यासारखं वाटतं. खरा घोळ ‘सॉरी’चा आहे. इंग्रजीत चुकीची कबुलीही त्यात येते आणि दुसऱ्याच्या अडचणीबद्दलची हळहळही. मराठीत या दोन्हींची वाट वेगळी आहे.

पाहुणा कळवतो, ‘आईला अचानक अ‍ॅडमिट करावं लागलं, येणं रद्द करतोय.’ त्यावर ‘हे ऐकून आम्ही दिलगीर आहोत’ असं उत्तर गेलं, तर त्याला प्रश्न पडेल की तुमचा यात काय संबंध! दिलगिरी आपल्याकडून काही उणं राहिलं की व्यक्त करतात. इथे हवी ती विचारपूस: ‘अरेरे! आता कशी आहे त्यांची तब्येत? बुकिंगची काळजी करू नका, पैशांचं मी संध्याकाळी कळवतो.’

आता चुकीकडे. समजा, कोकणात ऐन पावसात रात्री वीज गेली आणि सकाळी गरम पाणी मिळालं नाही. तयार निरोप म्हणतो, ‘कोणत्याही गैरसोयीबद्दल क्षमस्व. तुमच्या समजुतीबद्दल धन्यवाद.’ ‘कोणत्याही’ म्हटलं की काय झालं हे यांना ठाऊकच नाही असं वाटतं. आणि समजूत तर आपण घालतो किंवा काढतो. पाहुणा अजून रागातच असताना तिचे आभार कसले? त्याऐवजी घडलं ते सांगावं: ‘रात्री वीज गेली, आणि आमच्या इन्व्हर्टरवर गीझर चालत नाही. तुमची गैरसोय झाली. उद्या सहापासून बंबात पाणी तापवून ठेवतो, बादली दारात आणून देऊ.’

पण चादरी बदलायच्या राहिल्या असतील तर ‘गैरसोय झाली’ पुरत नाही. ‘झाली’ म्हटलं की करणारा नाहीसा होतो, आणि पाहुण्याला ते बरोबर कळतं. तिथे ‘चूक आमचीच, आत्ता बदलून देते’ एवढं सरळ लिहावं.

कौतुकाचंही असंच. ‘तुम्ही अद्भुत पाहुणे होतात!’ वाचून माणूस अवघडतो. आपल्याकडे थेट माणसाला विशेषण चिकटवण्यापेक्षा त्याने केलेली एखादी गोष्ट सांगितली की कौतुक पोचतं: ‘खोली अगदी नीटनेटकी ठेवून गेलात. धाकटीने मांजराला असा लळा लावला की ते अजून तुमच्या दारापाशी घुटमळतंय.’

पाहुण्याने सोलकढीची तारीफ केली, तर ‘तुमच्या दयाळू शब्दांबद्दल आभारी’ नको. कौतुक जिचं आहे तिच्याकडे पोचवावं: ‘आईला वाचून दाखवलं, खूश झाली. मे महिन्यात या, फणसाची सांदणं करू.’

कंपनीच्या नावावर मोठं बुकिंग असेल आणि पत्र ऑफिसात जाणार असेल, तर ‘दिलगीर आहोत’ खुशाल लिहा. तिथे ते शोभतं.