पू नसलेला घसा: केमोनंतरच्या तापाला त्याच दिवशी दवाखाना का लागतो

केमोथेरपीचा डोस घेऊन आठ-दहा दिवस झाले की अनेकांचा घसा धरतो. मराठवाड्यातल्या घरांत घसा धरल्यावर एरवी जे होतं तेच तेव्हाही होतं. हळदीचं दूध, मीठ-पाण्याच्या गुळण्या, ज्येष्ठमधाची कांडी. थोडी कणकण आली तर पॅरासिटामॉलची गोळी. एरवीच्या घशाला हे पुरतं. पण केमो चालू असलेल्या माणसाला कॅन्सरचे डॉक्टर वेगळं सांगतात: ताप 100.4 फॅरनहाइटला टेकला की सकाळची वाट बघू नका, निघा. या सूचनेमागे शंभर वर्षांचा अनुभव आहे आणि त्याची सुरुवात घशापासूनच झाली. म्हणून तो क्रमाने सांगतो.

1922 साली बर्लिनमध्ये वेर्नर शुल्त्स या डॉक्टरांनी एका विचित्र आजाराची नोंद केली. रुग्ण बहुतेक मध्यमवयीन बायका. अचानक घसा दुखायचा, घशात काळपट व्रण पडायचे, ताप भडकायचा आणि थोड्याच दिवसांत मृत्यू यायचा. रक्त तपासलं तर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळपास नाहीशा झालेल्या. आधी घसा बिघडला आणि त्याने पेशी संपवल्या, की आधी पेशी संपल्या आणि मग घसा कुजला, यावर बराच वाद झाला. 1930 नंतरच्या काही वर्षांत उत्तर मिळालं. तेव्हा सर्रास घेतल्या जाणाऱ्या अमायनोपायरीन या वेदनाशामक औषधाने काही जणांच्या पांढऱ्या पेशी नष्ट होत होत्या. म्हणजे पेशी आधी गेल्या आणि घसा नंतर बिघडला.

घसाच का, हे समजून घेण्यासारखं आहे. तोंडात आणि घशात निरोगी माणसाच्याही असंख्य जंतू असतात. त्यांना रोखून धरतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. रक्तात आल्यावर त्या काही तासच टिकतात, म्हणून हाडांच्या आतला मगज त्या रोज अब्जावधींच्या संख्येने बनवत राहतो. केमोची औषधं वेगाने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. मगज वेगाने वाढतो, आणि तोंडा-घशाचं आतलं नाजूक अस्तरही. त्यामुळे दोन गोष्टी एकाच वेळी घडतात: अस्तर सोलवटतं आणि पहारेकरी कमी होतात. मगजातला साठा चार-पाच दिवस पुरतो, म्हणून डोसाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रिपोर्ट चांगला येऊ शकतो. आकडा तळाला जातो तो साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान. डोस सोसला, आता काही नाही, असं घरच्यांना वाटू लागतं नेमकं तेव्हाच.

ही औषधं आली युद्धाच्या विषातून. पहिल्या महायुद्धात मस्टर्ड वायूने मेलेल्या सैनिकांच्या शरीरात पांढऱ्या पेशी फार कमी सापडल्या होत्या. त्यावरून 1942 मध्ये येल विद्यापीठात लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या एका रुग्णाला त्याच जातीचं नायट्रोजन मस्टर्ड देऊन पाहिलं. गाठी विरघळल्या, पण पांढऱ्या पेशीही ढासळल्या. 1948 मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांवर औषधाचा तात्पुरता का होईना गुण येतो हे दाखवलं. त्यानंतर औषधं वाढत गेली आणि शुल्त्स यांनी पाहिलेला दुर्मीळ आजार कॅन्सर वॉर्डात रोजचा झाला. कॅन्सर आटोक्यात येतोय आणि माणूस संसर्गाने जातोय, हे त्या काळातल्या डॉक्टरांचं मोठं दुःख होतं.

किती पेशी म्हणजे कमी, हे 1966 पर्यंत कुणी नीट मोजलं नव्हतं. त्या वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतल्या जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी ल्युकेमियाच्या रुग्णांचे आकडे आणि त्यांचे संसर्ग शेजारी शेजारी मांडले. (या निबंधाच्या लेखकांत वाय. एस. साठे हे नाव आहे. मराठी वाचकाची नजर तिथे थांबतेच.) रक्ताच्या दर घन मिलिमीटरमागे न्यूट्रोफिलचा आकडा 1000च्या खाली गेला की धोका वाढू लागतो, 500च्या खाली तो ठळक होतो, आणि 100च्या खाली सर्वांत जास्त असतो. जितके दिवस आकडा खाली राहील तितका धोकाही चढत जातो. आजही रिपोर्टमध्ये 500 हीच रेषा पाहतात.

पण आकडा कळून काय करायचं? तेव्हाची रीत अशी होती की ताप आला की रक्ताचं कल्चर पाठवायचं, जंतू कोणता ते कळू द्यायचं, मग औषध द्यायचं. इतरांसाठी ती शिस्त योग्यच आहे. पांढऱ्या पेशी नसलेल्या माणसाला मात्र तेवढा वेळ नसतो. स्यूडोमोनाससारखा जंतू रक्तात शिरला की कल्चरचा रिपोर्ट यायच्या आत अनेक रुग्ण दगावत. 1971 मध्ये बाल्टिमोरच्या स्टीफन शिम्फ आणि सहकाऱ्यांनी ही रीत मोडली. ताप आला आणि पेशी कमी आहेत, एवढं कळताच कार्बेनिसिलिन आणि जेंटामायसिन ही दोन अँटिबायोटिक शिरेतून सुरू केली, जंतूचं नाव कळायच्या आधीच. माणसं वाचू लागली. आज औषधं बदलली आहेत. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम किंवा सेफेपिम यांसारखी वापरतात. पण तत्त्व तेच आहे: कल्चरसाठी रक्त घ्यायचं आणि पहिला डोस लगेच द्यायचा. रुग्ण दारात आल्यापासून तासाभरात तो गेला पाहिजे, अशी आजची अपेक्षा आहे.

चार वर्षांनी, 1975 मध्ये, आणखी एक निरीक्षण छापून आलं. माझ्या मते घरच्यांना सर्वांत उपयोगी पडावं असं ते आहे. पू म्हणजे बहुतांशी मेलेल्या न्यूट्रोफिल पेशीच. त्या नसतील तर पू होणार कुठून? घशाला संसर्ग होऊनही बहुधा पांढरे ठिपके दिसत नाहीत. न्यूमोनियातही बहुधा खोकल्यातून बेडका पडत नाही, सुरुवातीच्या एक्स-रेत अनेकदा डाग उमटत नाही. उरतात त्या तीन गोष्टी: दुखणं, थोडी लाली आणि ताप. म्हणून गावातल्या डॉक्टरांनी टॉर्च लावून ‘घसा तसा साफ आहे, थोडा लाल दिसतो’ असं सांगितलं, तर ते दिसतंय ते खरं सांगत असतात, पण अशा माणसात त्यावरून धीर धरता येत नाही.

हे सगळं प्रत्यक्षात कसं घडतं, ते एका कल्पित उदाहरणाने सांगतो. केज तालुक्यातल्या एका गावातल्या पंचेचाळिशीच्या बाई. स्तनाच्या कॅन्सरसाठी दर एकवीस दिवसांनी केमो, दुसरा डोस होऊन दहा दिवस झालेले. सकाळी घोट घेताना घशात काटे टोचल्यासारखं झालं. जावेने विचारलं तर म्हणाल्या, “घसा धरलाय गं, दुसरं काही नाही.” संध्याकाळी अंग तापलं. थर्मामीटर तोंडात धरला तर 100.8. इथे घरात दोन मतं होतात. एक म्हणतं, गोळी देऊ, रात्र काढू. गोळी दिली तर तासाभरात ताप उतरतोही, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि जंतू रक्तात वाढत राहतात. दुसरं मत जिंकलं असं धरू. त्या रात्रीच अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या अपघात विभागात पोहोचल्या. रक्तपेशी मोजणाऱ्या सीबीसी तपासणीत एकूण पांढऱ्या पेशी 800, त्यांत न्यूट्रोफिल 25 टक्के. 800चे 25 टक्के म्हणजे 200. हा गुणाकार घरीही करता येतो आणि करावा, कारण नुसता एकूण आकडा फसवू शकतो. शिरेतून रक्त कल्चरसाठी गेलं आणि लगेच अँटिबायोटिक सुरू झालं. दोन दिवसांनी कल्चरमध्ये क्लेब्सिएला हा जंतू सापडला. तोवर ताप उतरू लागला होता. सहाव्या दिवशी न्यूट्रोफिल 500च्या वर गेल्या. घशात पू शेवटपर्यंत दिसला नाही.

अशा घशामागे प्रत्येक वेळी जंतूच असतो असं नाही. केमोने अस्तर सोलवटल्यानेही दुखतं. जिभेवर-टाळ्यावर दह्यासारखा पांढरा थर असेल तर बुरशी असू शकते, बारीक फोड असतील तर नागिणीच्या जातीचा विषाणू. ताप नसेल, पाणी गिळता येत असेल, तर त्याच दिवशी कॅन्सर विभागाला फोन करून विचारणं पुरू शकतं. ताप असेल तर मात्र कारण ओळखायचं काम घरी करायचं नाही.

तापाची रेषा अशी: तोंडात मोजलेला ताप एकदाच 101 आला किंवा 100.4 तासभर टिकला, तर तो ताप धरतात. घरच्यांनी 100.4 दिसताच निघायची तयारी करावी. काखेतलं माप तोंडापेक्षा अर्धा ते एक अंश कमी दाखवतं, हे लक्षात असू द्या. गुदद्वारात थर्मामीटर घालू नये, तिथल्या बारीक जखमेतूनही संसर्ग होतो. गोळी घ्यायच्या आधी ताप मोजावा. उलटी थांबायला किंवा उपचाराचा भाग म्हणून डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन चालू असेल तर संसर्ग असूनही ताप चढेलच असं नाही. म्हणून हुडहुडी भरली, गळून गेल्यासारखं झालं, बोलणं असंबद्ध वाटलं, लघवी कमी झाली, तर थर्मामीटर 98 दाखवत असला तरी निघावं.

नंतरच्या काळात दोन सोयी झाल्या. 1991 मध्ये अमेरिकेत फिल्ग्रास्टिमला परवानगी मिळाली. आपल्याकडे लोक त्याला ‘पेशी वाढवायचं इंजेक्शन’ म्हणतात. त्याने पेशी कमी असण्याचे दिवस घटतात, पण शून्यावर येत नाहीत, त्यामुळे ते घेतलेल्या माणसालाही तापाचा नियम तोच आहे. दुसरं, 2000 साली कमी धोक्याचे रुग्ण ओळखायची गुणपद्धत आली आणि त्यांतल्या काहींना गोळ्यांवर घरी सोडता येऊ लागलं. मात्र ते त्याच दिवशी तपासून, रक्त पाहून, पहिला डोस देऊन, आणि घर दवाखान्यापासून तासाभराच्या आत असेल तरच.

ही शेवटची अट मराठवाड्यात अनेकांना अडते. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय किंवा सीमेपलीकडचं बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल किनवट, देगलूर, आष्टीपासून काही तासांवर आहे, आणि रात्री एसटी मिळेलच असं नाही. अशा वेळी थेट केमोच्या गावाला निघायचा हट्ट धरू नये. 108ला फोन करून सगळ्यांत जवळच्या उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात जावं. दारातच पहिलं वाक्य हे सांगावं: केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला, आता ताप आहे. केमोची फाइल हातात द्यावी. कल्चरचं रक्त आणि शिरेतला पहिला डोस तिथेच झाला की पुढे हलवायचं का, हे तिथले आणि कॅन्सरचे डॉक्टर फोनवर बोलून ठरवू शकतात.