मध्यपटलाची घडण आणि जन्मजात मध्यपटल हर्निया

मध्यपटल, म्हणजेच श्वासपटल, हा छाती आणि पोट यांच्यामधला घुमटाकार स्नायू. गर्भात तो एकाच जागी, एकाच ऊतीपासून तयार होत नाही. वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले भाग एकमेकांना जोडले जातात तेव्हा तो पुरा होतो. ही जोडणी अपुरी राहिली तर पोटातले अवयव छातीत सरकतात. या दोषाला जन्मजात मध्यपटल हर्निया म्हणतात. साधारण २,५०० ते ३,००० जन्मांमागे एका बाळात तो आढळतो. त्यातले ८० ते ८५ टक्के हर्निया डाव्या बाजूचे असून भोक मागच्या बाहेरच्या कोपऱ्यात असते. १८४८ मध्ये प्राग येथील शरीररचनातज्ज्ञ बोखडालेक यांनी त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला बोखडालेक हर्निया असे नाव पडले. छातीच्या हाडामागे, पुढच्या बाजूला होणारा मॉर्गानी हर्निया बराच विरळा आहे आणि बहुधा सौम्य असतो. या नोंदीत पहिल्याचाच विचार केला आहे.

मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी या घडणीचे चार भाग शिकवले जातात. पहिला, सेप्टम ट्रान्सव्हर्सम: मध्यस्तरातील ऊतीचा जाड आडवा पडदा. दुसरा, दोन्ही बाजूंच्या प्ल्यूरोपेरिटोनियल घड्या. तिसरा, अन्ननलिकेमागचे आंत्रबंध, म्हणजे तिला मागच्या भिंतीशी धरून ठेवणारा पदर, ज्यातून मध्यपटलाचे पाय म्हणजे क्रूरा बनतात. चौथा, शरीराच्या बाजूच्या भिंतीतून आत वाढणारा कडेचा भाग. तोंडी परीक्षेत ही यादी हमखास विचारली जाते. पण हर्निया समजून घ्यायचा असेल तर यादीपेक्षा या भागांची ठिकाणे आणि वेळा जास्त उपयोगी पडतात.

सेप्टम ट्रान्सव्हर्सम चौथ्या आठवड्यात दिसतो, तेव्हा तो चक्क मानेच्या पातळीवर असतो. भ्रूणाचे डोके पुढे वाकते, त्या वाकण्यात हृदय आणि हा पडदा खाली येतात. पडदा मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मज्जाखंडांसमोर असताना त्याला फ्रेनिक मज्जातंतू मिळतो. पुढे भ्रूणाची पाठ झपाट्याने वाढते आणि मध्यपटल तुलनेने खाली सरकत जाते. आठव्या आठवड्याच्या सुमारास त्याची मागची बाजू पहिल्या कटिमणक्याच्या पातळीला पोचते. मज्जातंतूही त्याच्याबरोबर ओढला जाऊन लांब होतो. मोठ्या माणसाला मध्यपटलाखाली पू झाला तर दुखणे खांद्याच्या टोकाला जाणवते, ते याच प्रवासामुळे. खांद्याच्या त्वचेची संवेदनाही मानेतल्या याच खंडांकडे जाते.

सेप्टम ट्रान्सव्हर्सम पुढून मागे पूर्ण पोचत नाही. अन्ननलिकेच्या दोन्ही बाजूंना एकेक वाट मोकळी राहते आणि वाढणारी फुप्फुसे त्या वाटेत उतरतात. या वाटा बंद करण्याचे काम प्ल्यूरोपेरिटोनियल घड्यांचे. त्या मागच्या बाहेरच्या भिंतीतून निघून आत-पुढे वाढतात आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास सेप्टम व आंत्रबंध यांना चिकटतात. उजवी वाट आधी बंद होते, डावी थोडी नंतर. उजवीकडे मोठे यकृतही वाटेच्या तोंडाशी असते. हर्निया डावीकडे जास्त का, याचे नेहमीचे उत्तर या दोन गोष्टींत आहे.

याच काळात मधले आतडे नाळेच्या मुळाशी बाहेर गेलेले असते. दहाव्या आठवड्यात ते पोटात परत येते. डावी वाट तोपर्यंत उघडी असेल, तर परतणाऱ्या आतड्याला छातीत शिरायला जागा मिळते. जठर, प्लीहा आणि कधी यकृताचा डावा भागही मागोमाग जातात. पाठ्यपुस्तकातले स्पष्टीकरण इथे थांबते: दार वेळेवर बंद झाले नाही. हे चुकीचे नाही, पण अर्धेच आहे, कारण दार का बंद झाले नाही ते त्यात येत नाही.

गेल्या काही दशकांतील प्रयोगांनी या उत्तराचा बराच भाग भरून काढला. नायट्रोफेन नावाचे तणनाशक गाभण उंदरांना ठरावीक दिवशी दिले की पिल्लांमध्ये बोखडालेकसारखाच हर्निया होतो. त्या भ्रूणांची तपासणी केली तेव्हा स्नायू घडण्याआधीच प्ल्यूरोपेरिटोनियल घडीत खिंडार दिसले. मग एक चतुर प्रयोग झाला. ज्या उंदरांत एका जनुकाच्या अभावामुळे मध्यपटलात स्नायूपेशी पोचतच नाहीत, त्यांनाही नायट्रोफेन दिले गेले. स्नायू नसतानाही घडीतला दोष तोच आणि तिथेच राहिला. म्हणजे दोष स्नायूत नव्हता, स्नायूला आधार देणाऱ्या संयोजी ऊतीत होता.

मानेजवळच्या खंडांतून निघालेल्या स्नायूपेशी या घडीत शिरून तिथून पूर्ण पडदाभर पसरतात. घडीतल्या संयोजी पेशी त्यांना वाट दाखवतात आणि मधला कंडरायुक्त भागही त्याच बनवतात. कापडच विरलेले असेल तर त्यावर जरीकाम करता येत नाही, तसे इथे होते. २०१५ मध्ये युटा विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांत फक्त या संयोजी पेशींमधला Gata4 हा जनुक बंद केला आणि तेवढ्याने हर्निया झाला. पडद्यात स्नायू नसलेला ठिगळासारखा भाग तयार होतो, शेजारच्या स्नायूच्या तुलनेत तो दुबळा पडतो आणि त्यातून अवयव वर ढकलले जातात. कडेचा भाग भिंतीतून वाढतो ही चौथी पायरीही या कामांमुळे संशयात आली आहे. निदान उंदरांत तरी मध्यपटलाचा स्नायू या घड्यांतूनच पसरतो. माझ्या मते पहिल्या वर्षीच्या वर्गात चार भागांच्या आकृतीखाली हे एक वाक्य घालायला हवे.

यातून एक व्यावहारिक फरकही उमगतो. इव्हेंट्रेशन या दोषात पडदा सलग असतो, फक्त स्नायू पातळ किंवा नसलेला असतो, म्हणून तो फुगून वर जातो पण फाटलेला नसतो. बोखडालेक हर्नियात मात्र आधारच तुटलेला असतो. थोड्या बाळांत भोकावर पातळ पिशवी उरते आणि अशी बाळे बहुधा बरी राहतात.

आतडी वर आहेत एवढ्याने बाळ दगावत नाही. धोका फुप्फुसांचा असतो. श्वासनलिकांच्या फांद्या साधारण सोळा-सतरा आठवड्यांपर्यंत फुटून होतात. त्या काळात छातीत दाटी असेल तर फांद्या कमी फुटतात आणि त्या नंतर मिळत नाहीत. हर्नियाच्या बाजूचे फुप्फुस जास्त लहान राहते, पण दुसरेही सुटत नाही. फुप्फुसांतल्या धमन्या संख्येने कमी आणि भिंतीने जाड होतात, म्हणून जन्मानंतर तिथला दाब उतरत नाही. नायट्रोफेनच्या उंदरांत तर पडद्याला भोक पडण्याआधीच फुप्फुसे कमी वाढलेली आढळली. दाबाचा फटका दुसरा, पहिला फटका फुप्फुसाच्या घडणीलाच, असा विचार त्यावरून मांडला जातो.

समजा, कुर्ल्यात राहणाऱ्या एका गर्भवतीची विसाव्या आठवड्यातली सोनोग्राफी झाली. हृदयाचे चार कप्पे दिसणाऱ्या पातळीवर हृदयाशेजारी जठराचा काळा बुडबुडा दिसला आणि हृदय उजवीकडे ढकललेले होते. चोविसाव्या आठवड्यात पुन्हा मोजमाप झाले. उजव्या फुप्फुसाचे क्षेत्रफळ आणि डोक्याचा घेर यांचे गुणोत्तर १.२ आले. त्या वयात ते सुमारे ३.३ अपेक्षित असते, म्हणजे बाळाकडे अपेक्षेच्या ३६ टक्के आहे. यकृत पोटातच आहे. २५ टक्क्यांखालचे प्रमाण गंभीर मानतात. हे बाळ त्याच्या वर आहे आणि यकृत खाली असणे ही आणखी जमेची बाजू. गुणसूत्रांची तपासणी आणि हृदयाची इको करायला सांगितले जाते, कारण सोबत दुसरा दोष निघाला तर सगळे अंदाज बदलतात. याच टप्प्यावर आईवडील गर्भपाताबद्दल विचारतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतरच्या कायद्याप्रमाणे चोवीस आठवड्यांनंतर मोठ्या व्यंगासाठी वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते, त्यामुळे विसाव्या आठवड्यातली तपासणी पुढे ढकलणे महागात पडते.

गंभीर बाळांत गर्भातच श्वासनलिकेत फुगा बसवतात. फुप्फुसातला द्रव अडतो आणि फुप्फुस ताणून वाढते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डाव्या बाजूच्या गंभीर हर्नियात जगण्याचे प्रमाण १५ वरून ४० टक्क्यांवर गेले, पण मुदतीआधी प्रसूतीही वाढली. मध्यम गटात फायदा सिद्ध झाला नाही. कुर्ल्याच्या या बाळाला त्याची गरज नाही. त्याला गरज आहे ती शल्यचिकित्सक आणि नवजात अतिदक्षता विभाग हाताशी असलेल्या ठिकाणी जन्म घेण्याची. परळला प्रसूती आणि बालशल्यक्रिया दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. उपनगरातल्या प्रसूतिगृहातून जन्मानंतर रुग्णवाहिकेने आणणे म्हणजे बाळाचे सगळ्यात नाजूक तास रस्त्यावर घालवणे.

जन्मल्यावर बाळाचे पोट खपाटीला गेलेले असते, छाती पिंपासारखी फुगलेली, डावीकडे श्वासाचे आवाज नाहीत आणि हृदयाचे ठोके उजवीकडे ऐकू येतात. इथे मास्कने हवा देणे टाळायचे. ती जठरात-आतड्यांत शिरते आणि आधीच दाबलेले फुप्फुस आणखी दाबते. श्वासनलिकेत नळी घालतात आणि दुसरी नळी जठरात घालून हवा काढत राहतात. व्हेंटिलेटरचा दाब २५ सेंटिमीटर पाण्याच्या आत ठेवतात आणि कार्बन डायऑक्साइड थोडा वाढू देतात. उजव्या हाताचा ऑक्सिजन पायापेक्षा बराच जास्त दिसला, तर फुप्फुसातला दाब चढला आहे आणि अशुद्ध रक्त डक्टस या गर्भातल्या जोडवाहिनीतून खालच्या अंगाकडे वळते आहे असे समजते.

एकेकाळी जन्मताच ऑपरेशन करण्याची घाई असे. आता आधी बाळ स्थिर करतात, कारण भोक शिवल्याने फुप्फुसाच्या फांद्या वाढत नाहीत. दाब आणि ऑक्सिजन सावरले की बरगडीखाली छेद घेऊन आतडी, जठर आणि शेवटी प्लीहा खाली आणतात. कडा पुरेशा असतील तर न विरघळणाऱ्या धाग्याने शिवतात, नसतील तर कृत्रिम पडदा बसवतात. मागची कड बऱ्याचदा सापडतच नाही, मग टाके बरगडीभोवती घ्यावे लागतात. कृत्रिम पडदा बाळाबरोबर वाढत नाही, म्हणून हर्निया परत होण्याची शक्यता राहते आणि वर्षानुवर्षे अधूनमधून एक्स-रे काढावे लागतात.

काही मुलांत मात्र हर्निया महिन्यांनी, वर्षांनी कळतो. खोकला आणि धाप घेऊन आलेल्या मुलाच्या छातीच्या एक्स-रेत डावीकडे हवेचे गोळे दिसतात आणि ते न्यूमोनियातले फोड किंवा फुप्फुसाबाहेरची हवा वाटू शकतात. त्या समजुतीने छातीत नळी घातली तर ती थेट जठरात किंवा आतड्यात जाते. नाकातून जठरात नळी टाकून मग एक्स-रे काढला तर तिचे टोक छातीत वळलेले दिसते आणि निदान तिथेच होते.