क्रेडिट कार्डाची वार्षिक फी: कॅशबॅकमधून खरंच भरून निघते का?

(आमच्या कर सल्ला कार्यालयाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

रिटर्न भरायला येणारे आमचे बरेच ग्राहक कागद आवरता आवरता एक प्रश्न हमखास विचारतात: "माझ्या कार्डाला हजार रुपये फी आहे, पण पॉइंट मिळतात. ठेवू की बंद करू?" उत्तर देण्याआधी आम्ही बारा महिन्यांची स्टेटमेंट मागतो, तेव्हा काहींना वाटतं की साध्या प्रश्नाला उगाच फाटे फोडतो आहोत. एवढी कागदपत्रं का लागतात आणि हिशेब नेमका कसा होतो, हे एकदा सविस्तर सांगावं म्हणून हे पत्रक.

सगळ्यात जास्त घोळ एकाच गोष्टीवरून होतो. बहुतेक कार्डांवर "वर्षाला अमुक इतका खर्च केला तर फी माफ" अशी अट असते. ती पूर्ण करण्यासाठी शेवटच्या महिन्यात घाईने काहीतरी विकत घेतलं जातं. खरेदी होते, फीही लागते, आणि मग ग्राहक बँकेशी भांडण्यासाठी आमच्याकडे अर्ज लिहून मागतात. एका कुटुंबाचा हिशेब पाहा. आकडे फक्त थोडे गोल केले आहेत.

कार्डाची फी ९९९ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून बिलात ११७९ रुपये लागतात. फी सांगताना कर कुणी धरत नाही, पण खिशातून जातो तो हाच आकडा. वर्षाला दोन लाख खर्च झाला तर फी माफ. सप्टेंबरच्या मध्यावर त्यांनी आधीच्या बिलांची बेरीज केली तर ती निघाली १,८२,०००. अठराच हजार कमी पडतात म्हणून, घरचं वॉशिंग मशीन व्यवस्थित चालू असताना, २४,००० रुपयांचं नवीन घेतलं. ऑक्टोबरच्या बिलात तरीही ११७९ रुपये लागून आले.

बँकेची चूक नव्हती. त्या १,८२,००० मध्ये २१,००० रुपयांचं पेट्रोल होतं आणि १२,००० रुपये मोबाइल वॉलेटमध्ये भरलेले होते. त्यांच्या कार्डाच्या अटींत हे दोन्ही प्रकार माफीच्या मोजणीतून वगळलेले होते. ६,००० रुपयांचा एक फोन परत केला होता, त्याचा परतावा बँकेने वजा केला. उरले १,४३,०००. मशीन धरून १,६७,०००. म्हणजे दोन लाखांना अजून ३३,००० कमीच होते.

म्हणूनच आम्ही नुसती बिलाची रक्कम ऐकून उत्तर देत नाही. प्रत्येक दुकानदाराला चार आकडी वर्ग क्रमांक दिलेला असतो आणि खर्च कशात धरायचा हे बँक त्यावरून ठरवते. पेट्रोल, घरभाडं, वॉलेट, सरकारी भरणा, हप्त्यांवर घेतलेली वस्तू, कधी कधी विम्याचा हप्ता किंवा शाळेची फी, यांतलं काय मोजायचं आणि काय नाही, हे प्रत्येक कार्डाचं वेगळं असतं आणि मधूनमधून बदलतं. आपल्या कार्डाच्या आजच्या अटी बँकेच्या संकेतस्थळावर वाचाव्यात. कार्ड घेताना विक्रेत्याने तोंडी सांगितलेलं धरून चालू नये.

दुसरी गडबड तारखेची. कार्डाचं वर्ष एप्रिल ते मार्च नसतं आणि जानेवारी ते डिसेंबरही नसतं. ते सहसा कार्ड मिळाल्याच्या तारखेपासून मोजलं जातं. वरच्या कुटुंबाचं कार्ड १५ ऑक्टोबरला मिळालेलं, म्हणून वर्ष १४ ऑक्टोबरला संपत होतं. शेवटच्या दिवशीची खरेदी बँकेच्या खात्यात दोन दिवसांनी नोंदली गेली, तर ती पुढच्या वर्षात जाऊ शकते. आपली नेमकी तारीख माहीत नसेल तर मागच्या वर्षी फी कोणत्या बिलात लागली ते शोधा.

आता असं धरू की मोजणी बरोबर होती आणि माफी मिळाली असती. तरी काय हाती लागलं असतं? २४,००० रुपये खर्चून ११७९ वाचले, वर एक टक्का कॅशबॅकचे २४० रुपये. म्हणजे गरज नसलेल्या वस्तूवर जेमतेम सहा टक्के सूट. फी भरून टाकली असती तर साडेबावीस हजारांहून जास्त रक्कम घरात राहिली असती.

जो खर्च दोन-तीन महिन्यांत करायचाच आहे, तो अलीकडे ओढायला मात्र आमची हरकत नाही. दिवाळीचा किराणा, मुलांची सहामाही फी, गाडीचे टायर असा खर्च आधी केला तर पैसे वाया जात नाहीत. फक्त तो मोजणीत धरला जातो का आणि कार्डाने भरल्यावर वर सुविधा शुल्क लागतं का, हे आधी तपासा. शाळेच्या पोर्टलवर एक-दोन टक्के शुल्क लागलं तर कॅशबॅक तिथेच संपतो.

या कुटुंबाच्या बाबतीत खरी गंमत पुढे आहे. त्यांना माफीची गरजच नव्हती.

त्यांच्या कार्डावर ऑनलाइन खरेदीला पाच टक्के आणि बाकी खर्चाला एक टक्का कॅशबॅक होता. त्यांच्याकडे दुसरं एक कार्डही होतं, त्याला फी नाही आणि सगळीकडे एक टक्का कॅशबॅक. इथे बहुतेक जण चुकतात. फीच्या कार्डावर मिळालेला सगळा कॅशबॅक ते फायदा म्हणून मोजतात. पण तोच खर्च बिनफीच्या कार्डावर केला असता तरी एक टक्का मिळालाच असता. फीने विकत मिळतो तो फक्त वरचा फरक. या घरातली नेहमीची ऑनलाइन खरेदी महिन्याला ४,००० रुपये, म्हणजे वर्षाला ४८,०००. त्यावर पाच टक्क्यांनी २,४०० रुपये मिळाले. साध्या कार्डावर ४८० मिळाले असते. फरक १,९२०. त्यातून फीचे ११७९ गेले की ७४१ रुपये शिल्लक. बाकीच्या खर्चावर दोन्ही कार्डं सारखीच, तो धरायचाच नाही. म्हणजे माफी न मिळताही हे कार्ड त्यांना परवडत होतं.

तुमच्या कार्डासाठी हाच हिशेब असा मांडा: करासहित फीला दोन कार्डांच्या टक्केवारीतल्या फरकाने भागा. इथे ११७९ भागिले चार टक्के, म्हणजे सुमारे २९,५००. वर्षाला एवढी ऑनलाइन खरेदी तुम्ही कार्ड नसतानाही करत असाल, तर फी वसूल. महिन्याला सुमारे अडीच हजार. पण फरक अर्ध्याच टक्क्याचा असेल, तर तीच फी वसूल व्हायला २,३५,००० रुपयांहून जास्त खर्च लागतो. म्हणून "आमच्या कार्डावर दीड टक्का मिळतो" एवढ्यावरून काही ठरत नाही. कॅशबॅकला दरमहा कमाल मर्यादा असते, तीही बघा. मर्यादेच्या वरच्या खरेदीला पाच टक्के मिळत नाहीत.

"कार्ड नसतानाही करत असाल" या शब्दांवर आमचा सगळा भर आहे, कारण कार्ड आल्यावर खर्च वाढतो आणि तो वाढलेला खर्च कॅशबॅकमध्ये दिसत नाही. ते तपासायला कार्ड येण्याआधीच्या सहा महिन्यांचं बँक पासबुक काढा. त्यातला किराणा, कपडे आणि ऑनलाइन खरेदीचा मासिक आकडा आणि कार्ड आल्यानंतरचा आकडा शेजारी शेजारी लिहा. भाववाढ आणि लग्नकार्य सोडूनही महिन्याला हजार-दीड हजार वाढ दिसत असेल, तर वर्षाचा १,९२० चा फायदा दोन महिन्यांत संपला असं समजा.

कॅशबॅकऐवजी पॉइंट मिळत असतील तर आधी त्यांचे रुपये करा. एक पॉइंट म्हणजे एक रुपया असं क्वचितच असतं. शंभर रुपयांना दोन पॉइंट आणि बिलात वळते केल्यावर पॉइंटला २५ पैसे, तर दर होतो अर्धा टक्का. काही बँका दर १५० रुपयांच्या पूर्ण टप्प्यावरच पॉइंट देतात. २९० रुपयांच्या बिलात मग वरच्या १४० रुपयांचं काहीच मिळत नाही. पॉइंट वापरताना ९९ रुपये आणि कर कापणारी कार्डंही आहेत, शिवाय पॉइंटला मुदत असते. पहिल्या वर्षी फीइतकं व्हाउचर मिळत असेल तर ते तुमच्या नेहमीच्या दुकानाचं आहे का ते बघा, आणि दुसऱ्या वर्षाचा हिशेब त्याच्याशिवाय मांडा.

वरचं सगळं गणित बिल दरमहा पूर्ण भरणाऱ्यांसाठी आहे. ३०,००० च्या बिलात फक्त किमान रक्कम भरली आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के असेल, तर एका महिन्याचं व्याज १,०००च्या आसपास जातं. त्यावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. वर्षाची फी एका महिन्यात गेली. व्याजही खरेदीच्या तारखेपासून लागतं आणि नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. ज्यांचं बिल मागे राहतं, त्यांना आम्ही कोणतंच फीचं कार्ड सुचवत नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या कामाशी थेट निगडित आहे. फी माफीची खर्चमर्यादा गाठायला काही जण मित्रांची, नातेवाइकांची खरेदी स्वतःच्या कार्डावर करतात आणि पैसे यूपीआयने परत घेतात. आर्थिक वर्षात कार्डाच्या बिलांपोटी १० लाख रुपये किंवा त्याहून जास्त भरले गेले, किंवा रोखीने १ लाख, तर बँक ती माहिती आयकर विभागाला कळवते आणि ती तुमच्या वार्षिक माहिती विवरणात दिसते. उत्पन्न सहा लाख आणि कार्डाचा भरणा अकरा लाख असेल तर विचारणा होऊ शकते. मग कुणाचा फ्रिज आणि कुणाचं विमानाचं तिकीट हे जुळवत बसावं लागतं. त्या कामाचे आम्ही वेगळे पैसे घेतो, कारण त्यात खरोखर दिवस जातात.

हिशेबात फी वसूल होत नसेल तर फी लागण्याच्या महिनाभर आधी बँकेला फोन करा. फी माफ करा किंवा बिनफीच्या कार्डात बदलून द्या, असं स्पष्ट मागा. बऱ्याचदा मिळतं. नाही मिळालं तर पॉइंट वापरून टाका, थकबाकी शून्य करा आणि कार्ड बंद करण्याची लेखी विनंती द्या. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, बाकी काही देणं नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं. उशीर झाला तर बँकेने ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये दंड द्यायचा असतो. विनंतीचा क्रमांक आणि तारीख जपून ठेवा.

आम्ही कोणत्याही बँकेचं कार्ड विकत नाही आणि शिफारशीचं कमिशन घेत नाही. त्यामुळे "कार्ड बंद करा" असं सांगताना आमचं काही जात नाही. आमच्याकडे रिटर्न भरणाऱ्यांना एका कार्डाचा हा हिशेब विनामूल्य करून देतो, दुसऱ्या कार्डापासून माफक शुल्क आहे. कार्डाचं वर्ष संपण्याच्या दोन महिने आधी या आणि जुलै शक्यतो टाळा. त्या महिन्यात रिटर्नची गर्दी असते आणि घाईत केलेल्या बेरजेवर आमचा भरवसा नाही. येताना बारा महिन्यांची स्टेटमेंट आणा. पीडीएफ असतील तर पासवर्ड काढून आणा. पासवर्ड माहीत नसेल तर बँकेच्या ईमेलमध्येच तो कसा तयार होतो ते लिहिलेलं असतं. कार्ड क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पुरेत. कार्डाच्या मागच्या बाजूचे तीन आकडे, पिन किंवा ओटीपी आम्ही कधीच मागत नाही, आमच्या नावाने कुणी मागितला तर देऊ नका आणि आम्हाला कळवा.