दहावीनंतर शाखा कोणती? मुलाला आवड सांगता येत नसेल तर

आमच्याकडे येणाऱ्या पालकांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं: "याला विचारलं तर म्हणतो, काहीच ठरत नाहीये." मुलगा खाली मान घालून बसलेला असतो. आम्ही आधी त्याची बाजू घेतो, कारण त्याचं उत्तर प्रामाणिक आहे. दहावीपर्यंत त्यानं पुस्तपालन पाहिलेलंच नसतं. मानसशास्त्र, तर्कशास्त्र हे विषय शाळेत नव्हतेच. अकरावीचं भौतिकशास्त्र किती गणिती असतं याचीही त्याला कल्पना नसते. न चाखलेल्या पदार्थाची आवड कुणी कशी सांगणार? कल चाचणीतही मूल अनुभवावरूनच उत्तरं देतं, म्हणून नुसत्या चाचणीच्या निकालावर आम्ही शाखा सुचवत नाही. आमची पद्धत दोन टप्प्यांची आहे आणि ती तुम्ही घरीही करू शकता.

आधी टक्केवारी बाजूला ठेवा

राज्य मंडळाची टक्केवारी सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांवर निघते. त्यामुळे नेमका कच्चा विषय गणनेतून गळून पडू शकतो. मागे आलेल्या एका मुलीचं उदाहरण घेऊ (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत). मराठी 88, हिंदी 85, इंग्रजी 74, सामाजिक शास्त्रे 90, विज्ञान 72, गणित 66. पाच विषयांचे 409, म्हणजे 81.80 टक्के. "ऐंशीच्या वर आहे, सायन्स घेऊन टाकू" असं घरात जवळजवळ ठरलं होतं. पण त्या 81.80 मध्ये गणिताचा एकही गुण नव्हता.

गणित आणि विज्ञान या दोन्ही विषयांत 20 गुण अंतर्गत किंवा प्रात्यक्षिकाचे असतात. ते बहुतेकांना भरपूर मिळतात, म्हणून खरं चित्र लेखी 80 गुणांत दिसतं. हे 80 गुण 40-40 च्या दोन पेपरांत विभागलेले असतात, पण गुणपत्रिकेवर ती फोड नसते. त्यासाठी शाळेतल्या पूर्व परीक्षेचे तपासलेले पेपर काढा. विज्ञान भाग 1 मध्ये गुरुत्वाकर्षण, विद्युतधारा, भिंगे, रासायनिक अभिक्रिया असं गणितं आणि समीकरणांचं काम असतं. भाग 2 मध्ये आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र असतं. तिथे वाचून, समजून लिहायचं असतं. या मुलीला भाग 2 मध्ये 32 होते, भाग 1 मध्ये 20. गणितात बीजगणितात 30, भूमितीत 17. बीजगणितातही अर्थनियोजनाच्या धड्यावरचे, म्हणजे जीएसटी आणि शेअर्सचे, सगळे प्रश्न बरोबर होते.

हे गुण काही निकाल देत नाहीत. एखाद्या वर्षी शिक्षक बदलले, आजारपण आलं, तरी गुण पडतात. पण कुठे शोधायचं ते मात्र यातून कळतं.

मग पंधरा दिवस चाखून बघा

परीक्षा मार्चमध्ये संपते, निकाल मे महिन्यात लागतो. या रिकाम्या दिवसांत अकरावीची पुस्तकं घ्या. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळतात, शेजारच्या दादाचं जुनं पुस्तकही चालेल. तीन विषय निवडा आणि प्रत्येकाला पाच दिवस, रोज एक तास द्या. क्लास लावू नका, कारण चांगला शिकवणारा कुठलाही विषय पंधरा दिवस गोड करून दाखवतो. मुलानं एकट्यानं धडा वाचायचा आणि मागची उदाहरणं सोडवायची. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी तर हे फारच गरजेचं आहे, कारण सायन्सची पुस्तकं इंग्रजीत आहेत आणि तो धक्का जुलैऐवजी एप्रिलमध्ये बसलेला बरा.

या मुलीनं आधी भौतिकशास्त्रातला गतीचा धडा घेतला. पहिल्या दोन दिवशी तिनं सोडवलेली उदाहरणं वहीत सुबक उतरवून काढली. तिसऱ्या दिवसापासून अडलं की लगेच शेवटचं पान उघडून उत्तर पाहायची आणि पुढे जायची. मग पुस्तपालन. "50,000 रुपये रोख आणून धंदा सुरू केला": रोख खाते नावे, भांडवल खाते जमा. इथवर सोपं होतं. पुढे उधारीवर घेतलेल्या मालाची नोंद करताना तिनं रोख खाते जमा केलं. खतावणी करताना तिच्याच लक्षात आलं की गल्ल्यात असायला हवेत त्यापेक्षा पैसे कमी दिसताहेत. ती मागे गेली, चूक शोधली, आणि त्या दिवशी तासाचे पावणेदोन तास झाले. तिसरा विषय मानसशास्त्र. धडे तिनं आवडीनं वाचले, पण स्वाध्याय टाळले.

तुम्हाला पाहायचं आहे ते हेच. "आवडलं का?" असं विचारू नका, मुलं तुमचा चेहरा पाहून उत्तर देतात. चुकल्यावर मूल काय करतं ते बघा. स्वतः मागे जाऊन चूक शोधत असेल तर तो विषय त्याला पेलेल. उत्तर पाहून पुढे सरकत असेल तर दोन वर्षं तो विषय ओढत न्यावा लागेल.

"सायन्स घेतलं की सगळी दारं उघडी राहतात"

हे अर्धं खरं आहे. बारावी सायन्सनंतर कॉमर्स किंवा आर्ट्सकडे जाता येतं. उलट, कॉमर्स करून इंजिनिअरिंग किंवा मेडिकलला जाता येत नाही. पण दार उघडं राहण्याला गुणांची अट आहे. इंजिनिअरिंगसाठी सीईटीबरोबर बारावीच्या ठरावीक विषयांत खुल्या प्रवर्गाला किमान 45 टक्के लागतात. एमबीबीएससाठी नीटबरोबर बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्रात उत्तीर्ण व्हावं लागतं. नाखुशीनं सायन्स करून बारावीला चाळिशीत अडकलेलं मूल आमच्याकडे येतं, तेव्हा ती दारं बंद झालेली असतात आणि हातात कॉमर्सचा पायाही नसतो. हे पाहताना आम्हाला खरोखर वाईट वाटतं.

ही मुलगी जीवशास्त्रात चांगली होती. म्हणून तिच्या वडिलांनी विचारलं, "मग गणित सोडून बायो घेऊ दे ना?" गणित सोडता येतं, पण डॉक्टरकीच्या वाटेवर भौतिकशास्त्र सुटत नाही, आणि तिथेच तिची गाडी अडत होती. शेवटी तिनं गणितासह कॉमर्स घेतलं. गणित आम्ही मुद्दाम ठेवायला सांगितलं. कॉमर्समध्ये ते ऐच्छिक असतं आणि सोडण्याचा मोह होतो. पण सीए फाउंडेशनला गणित-सांख्यिकीचा पेपर आहे, आणि दिल्ली विद्यापीठासारख्या ठिकाणी अर्थशास्त्र ऑनर्सला बारावीचं गणित लागतं.

अर्ज भरताना दोन गोष्टी तपासा. एक, हवा तो विषय त्या कॉलेजात आहे का. कॉमर्सचं गणित किंवा आर्ट्सचं मानसशास्त्र सगळीकडे नसतं, म्हणून कार्यालयात जाऊन विचारा. दुसरं, 2025-26 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांना मुकावं लागतं. म्हणून "बघू, भरून ठेवू" असं म्हणून पहिला क्रमांक टाकू नका. नियम दरवर्षी थोडे बदलतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचूनच अर्ज भरा.

आमच्याकडे येणार असाल तर पूर्व परीक्षेचे तपासलेले पेपर आणि पंधरा दिवसांची ती वही घेऊन या. वही खाडाखोड केलेली असेल तर तशीच आणा, नवी लिहून काढू नका. आणि पहिली वीस मिनिटं आम्ही मुलाशी एकट्याशी बोलू. तेवढा वेळ आपण बाहेर बसावं ही विनंती.