केमोनंतरची तिसऱ्या दिवसाची मळमळ

केमो घेऊन आलेला माणूस त्या संध्याकाळी बरा असतो, घरच्यांना हायसं वाटतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोटात काही ठरत नाही. असं का होतं, हे कळायला वैद्यकाला बराच काळ लागला.

1978 मध्ये अमेरिकेत सिस्प्लॅटिन या कर्करोगावरच्या केमोच्या औषधाला मंजुरी मिळाली. औषध प्रभावी होतं, पण जवळजवळ प्रत्येकाला जोराच्या उलट्या होत. 1991 मध्ये तिथे ऑन्डान्सेट्रॉन हे उलट्यांवरचं औषध आलं. केमोमुळे आतड्यातल्या पेशींतून सेरोटोनिन सुटतं आणि मज्जातंतूंवाटे मेंदूला ओकारीचा इशारा जातो. हे औषध तो इशारा अडवतं. पहिला दिवस त्यामुळे सुसह्य झाला. मात्र पहिल्या चोवीस तासांनंतरच्या उलट्यांमागे मुख्यतः सब्स्टन्स पी हे वेगळं रसायन असतं. त्यावरचं अप्रेपिटंट 2003 मध्ये आलं.

गोळ्यांच्या वेळा यावरूनच ठरल्या. समजा सोमवारी सिस्प्लॅटिन आहे. अप्रेपिटंटची 125 मिलिग्रॅमची गोळी केमोच्या तासभर आधी, मग मंगळवारी आणि बुधवारी सकाळी 80 मिलिग्रॅम. सोबत उलट्यांसाठीच दिलेलं डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड बहुधा गुरुवारपर्यंत चालतं, तेही सकाळी नाश्त्यानंतर, कारण रात्री घेतलं तर झोप उडते. मंगळवारी बरं वाटतंय म्हणून गोळी टाळण्याचा मोह होतो आणि घात तिथेच होतो. एकदा उलट्या सुरू झाल्या की गोळीही पोटात राहत नाही. ऐनवेळची म्हणून दिलेली गोळी जेवणाआधी अर्धा तास घेतली, तर चार घास टिकण्याची शक्यता वाढते. ऑन्डान्सेट्रॉनने मलावरोध होतो आणि त्यानेही मळमळ वाढते, हे डॉक्टरांना जरूर सांगावं.

मूळचं मानसिक आजारांवरचं ओलान्झापिनही आता उलट्यांवरच्या औषधांच्या यादीत आहे. ते 10 मिलिग्रॅम देत, पण त्याने फार गुंगी येई. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या 2024 मधल्या अभ्यासात 2.5 मिलिग्रॅमही तितकंच उपयोगी ठरलं आणि गुंगी कमी आली. आपल्याकडच्या रुग्णांसाठी हे मला फार मोलाचं वाटतं.

जेवणाबद्दलची एक जुनी गोष्ट इथे कामाची आहे. 1978 मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ इलीन बर्नस्टाइन यांनी काही मुलांना केमोच्या आधी वेगळ्या चवीचं आइस्क्रीम दिलं. पुढे ती मुलं तेच आइस्क्रीम नाकारू लागली. म्हणून केमोच्या दिवशी आवडीचं पुरणपोळी-श्रीखंड करू नये, त्याचीच शिसारी बसू शकते. साधी पेज, मेतकूट-भात, कोमट किंवा गार, दर दोन-तीन तासांनी अर्धी वाटी. फोडणीचा वास जाईपर्यंत रुग्णाला दुसऱ्या खोलीत बसवावं. पाणी जेवणासोबत नको, मधल्या वेळेत घोट घोट.

चोवीस तास पाणीही टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल किंवा उभं राहताना चक्कर येत असेल, तर पुढच्या गोळीची वाट न पाहता रुग्णालयात फोन करावा. अशा वेळी सलाईन लागू शकतं.